आकड्यामागचा भागाकार

शिक्षणशास्त्रातल्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण बहुधा ‘संबंधित संशोधन साहित्याचा आढावा’ हे असते, आणि त्याची एक ठरलेली घडण आहे. संशोधकाचे नाव, वर्ष, नमुना, साधने आणि शेवटी ‘०.०५ स्तरावर सार्थक फरक आढळला’ हे वाक्य. अशी तीस-चाळीस संशोधने एकाखाली एक मांडली की आढावा झाला असे मानले जाते. सार्थक फरक आढळला म्हणजे किती फरक आढळला, हे मात्र त्या वाक्यातून कळत नाही. टी-मूल्य पाहूनही कळत नाही, कारण मुलांमधला फरक तेवढाच राहिला तरी नमुना चौपट केला की टी-मूल्य दुप्पट होते. चारशे मुलांवरच्या प्रयोगाचे टी-मूल्य ३ आणि चाळीस मुलांवरच्या प्रयोगाचे २.१ असले, तर पहिली पद्धत अधिक प्रभावी ठरत नाही. प्रत्यक्षात दुसरीचा परिणाम पहिलीच्या दुपटीहून जास्त असतो.

म्हणून गेल्या काही वर्षांत आढाव्यात इफेक्ट साइझ देण्याचा आग्रह धरला जाऊ लागला, आणि तो योग्यच आहे. त्यातली सर्वांत परिचित रीत सोपी आहे. प्रायोगिक गटाच्या मध्यमानातून नियंत्रित गटाचे मध्यमान वजा करायचे आणि उरलेल्या फरकाला प्रमाण विचलनाने भागायचे. फरक ४ गुणांचा आणि प्रमाण विचलन १६ गुणांचे असेल, तर उत्तर ०.२५. या भागाकाराने गुणांचे एकक निघून जाते. पन्नास गुणांची चाचणी असो की दोनशेची, उत्तर प्रमाण विचलनाच्या हिश्शात येते.

अडचण इथूनच सुरू होते. एकक निघून गेले की सगळे आकडे एकाच जातीचे दिसू लागतात. दोन दशांश स्थळांपर्यंतचे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणता मोठा हे डोळा आपोआप ठरवतो, आणि ते कशाला कशाने भागून आले हे विचारायचे राहून जाते. इफेक्ट साइझ कसा काढायचा हे शिकवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. या पुस्तकाचा विषय वेगळा आहे : दुसऱ्याने काढलेला इफेक्ट साइझ आपल्या आढाव्यात उचलून आणताना काय काय सोबत आणावे लागते. ते काय असते, हे एका उदाहरणावरून इथे दाखवतो.

समजा एका आढाव्यात हे वाक्य आहे : ‘ब्लूम (१९८४) यांना व्यक्तिगत शिकवणीचा परिणाम २.० इतका आढळला, तर बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन (२००७) यांना बालसखी कार्यक्रमाचा परिणाम ०.२८ आढळला, यावरून व्यक्तिगत शिकवणी बालसखीपेक्षा सातपट प्रभावी असल्याचे दिसते.’ यातले दोन्ही आकडे मूळ लेखांत छापलेले आहेत. नावे आणि वर्षे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र टिकत नाही. का टिकत नाही, हे त्या दोन लेखांत शिरल्याशिवाय कळणार नाही.

बेंजामिन ब्लूम हे नाव बी.एड. केलेल्या प्रत्येकाला उद्दिष्टांच्या वर्गीकरणामुळे माहीत असते. १९८४ साली त्यांनी ‘टू सिग्मा प्रॉब्लेम’ या नावाने गाजलेला लेख लिहिला. त्याचा आधार होता शिकागो विद्यापीठातल्या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांचे, अनानिया आणि बर्क यांचे, प्रबंध. चौथी, पाचवी आणि आठवीच्या मुलांना संभाव्यता किंवा नकाशाशास्त्र हा नवा विषय तीन आठवड्यांत अकरा तासिकांमधून शिकवला गेला. मुलांचे तीन गट होते. पहिल्या गटाला नेहमीसारखा तीसेक मुलांचा वर्ग मिळाला. दुसऱ्या गटाचा वर्ग तेवढाच होता, पण तिथे प्रभुत्व अध्ययनाची पद्धत होती : मध्येमध्ये चाचणी, चुकांवर पुन्हा काम, ठरलेली पातळी गाठल्यावरच पुढचा भाग. तिसऱ्या गटातल्या एका किंवा दोन-तीन मुलांमागे एक शिक्षक होता. शेवटच्या चाचणीत तिसऱ्या गटातले सरासरी मूल पहिल्या गटाच्या सरासरीच्या दोन प्रमाण विचलने पुढे होते, म्हणजे नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे.

आता हा आकडा कशाचा आहे ते पाहू. शिकवणी मिळालेल्या मुलांनाही प्रभुत्व अध्ययनाच्याच चाचण्या आणि पुनराध्ययन मिळत होते. ब्लूम यांच्याच लेखात प्रभुत्व अध्ययनाचा वर्ग नेहमीच्या वर्गाच्या साधारण एक प्रमाण विचलन पुढे आहे. म्हणजे दोनापैकी एक हिस्सा त्या पद्धतीचा आणि उरलेला एक शिकवणीचा. तो उरलेला एकही निव्वळ शिकवणीचा नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ च्या आपल्या आढाव्यात दाखवून दिले, की पुढे जाण्यासाठी गाठायची पातळी शिकवणीच्या गटाला ९० टक्के आणि वर्गाच्या गटाला ८० टक्के होती. ज्याला वरच्या पातळीपर्यंत थांबवून ठेवले, तो शेवटी वर असणारच. त्यांच्या त्या आढाव्यात माणसाने घेतलेल्या शिकवणीचा सरासरी परिणाम ०.७९ निघाला. त्याच्याही आधी, १९८२ साली, कोहेन आणि कुलिक दांपत्याने शाळांमधल्या शिकवणी कार्यक्रमांची ६५ मूल्यमापने एकत्र केली होती, तेव्हा सरासरी ०.४० आली होती.

दुसरी गोष्ट चाचणीची. तीन आठवडे जे शिकवले नेमके त्याचीच परीक्षा, आणि तीही शिकवणे संपताच. विषय मुलांना नवा, म्हणून सुरुवातीला सगळे जवळपास शून्यावर. अशा चाचणीत मोठा आकडा मिळवणे सोपे असते. हे फक्त ब्लूम यांच्याबद्दल खरे आहे असे नाही. चेउंग आणि स्लाव्हिन यांनी २०१६ साली शिक्षणातल्या ६४५ अभ्यासांची तुलना केली, तेव्हा संशोधकाने स्वतः तयार केलेल्या चाचणीवर येणारे इफेक्ट साइझ स्वतंत्र चाचणीवरच्या इफेक्ट साइझच्या सुमारे दुप्पट निघाले.

बालसखीचा आकडा वेगळ्याच जमिनीत उगवला आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत हा कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीत असूनही पहिली-दुसरीचे वाचन-गणित न येणारी पंधरा-वीस मुले वर्गातून बाजूला काढायची आणि शाळेच्याच वेळेत सुमारे दोन तास त्यांना वस्तीतल्या एका तरुणीने, म्हणजे बालसखीने, मुळापासून शिकवायचे. मुंबईतली मांडणी मोठी चतुर होती. काही शाळांना बालसखी तिसरीसाठी मिळाली, काहींना चौथीसाठी. त्यामुळे एका शाळांतली तिसरी ही दुसऱ्या शाळांतल्या तिसरीचा नियंत्रित गट झाली आणि एकही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही. पहिल्या वर्षी दोन्ही शहरे मिळून परिणाम ०.१४ आला, दुसऱ्या वर्षी ०.२८.

या ०.२८ मध्ये कोण मोजले गेले, हे महत्त्वाचे आहे. ज्या इयत्तेला बालसखी मिळाली तिथली सगळी मुले त्यात आहेत : बालसखीकडे गेलेली, आणि वर्गशिक्षकांजवळच बसून राहिलेलीही. मागे राहिलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, पण त्यांच्या गुणांवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. म्हणजे वाढ झाली ती जवळजवळ सगळी बालसखीकडे गेलेल्यांची, आणि ती पूर्ण वर्गावर पसरवून ०.२८ हा आकडा आला. फक्त गेलेल्या मुलांपुरता हिशेब केला तर तो याच्या दुपटीच्या आसपास जातो. ब्लूम यांच्या गटात मात्र प्रत्येक मुलाला शिकवणी मिळाली होती, तिथे असे पसरवणे नव्हतेच.

मग भाजकाकडे वळू. ब्लूम यांनी शेवटच्या चाचणीतल्या नियंत्रित वर्गाच्या प्रमाण विचलनाने भागले. बालसखीच्या अभ्यासात प्रत्येक शहर, इयत्ता आणि वर्ष यांमधल्या नियंत्रित गटाच्या पूर्वचाचणीचे प्रमाण विचलन घेतले आहे. वर्षभरात मुलांमधली तफावत वाढत गेली असेल, तर पूर्वचाचणीचे विचलन लहान असते आणि त्याने भागलेला आकडा थोडा मोठा दिसतो. तफावत कमी झाली असेल तर उलट. शिवाय ही तीन-चार इयत्तांची कौशल्ये तपासणारी विस्तृत चाचणी होती, तीन आठवड्यांच्या एका घटकाची नव्हे. कालावधीही तीन आठवड्यांचा नव्हता, शालेय वर्षाचा होता.

इतके पाहिल्यावर ‘सातपट’ म्हणवत नाही. पण या दोन अभ्यासांबद्दल आढाव्यात काहीच लिहू नये असेही नाही. मी ते असे लिहीन : ‘ब्लूम (१९८४) यांच्या अल्पकालीन प्रयोगांत, शिकवलेल्या घटकावरच्याच चाचणीत, प्रभुत्व अध्ययनासह दिलेली व्यक्तिगत शिकवणी नेहमीच्या वर्गापेक्षा सुमारे २ प्रमाण विचलने पुढे होती, त्याच पद्धतीच्या वर्गाशी तुलना केल्यास हा फरक सुमारे १ राहतो. बॅनर्जी व इतर (२००७) यांच्या यादृच्छिक प्रयोगात बालसखी मिळालेल्या इयत्तांमधल्या सर्व मुलांचे गुण दुसऱ्या वर्षाअखेर ०.२८ प्रमाण विचलनाने अधिक होते. कार्यक्रम संपल्यानंतर एका वर्षाने लक्ष्यगटातल्या मुलांमध्ये सुमारे ०.१० इतका फरक टिकून होता. चाचणी, कालावधी आणि मोजलेली मुले भिन्न असल्याने या आकड्यांची परस्पर तुलना केलेली नाही.’ हा परिच्छेद लांबला खरा. पण त्यातला प्रत्येक शब्द आकड्याला हवाच आहे.

शेवटच्या ०.१० कडे विशेष लक्ष द्यावे. बालसखीच्या लेखात ०.१४, ०.२८ आणि ०.१० हे तिन्ही आकडे आहेत, तिन्ही खरे आहेत, आणि शिवाय संगणकाधारित गणिताच्या वेगळ्या कार्यक्रमाचा ०.४७ हाही आहे. ज्याला जे सिद्ध करायचे त्याने तेवढा उचलला की चुकीचे उद्धरण तयार होते, एकही अंक न बदलता. दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकाधारित कार्यक्रमावरचा मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा २०१९ चा लेख घ्या. सोडतीत नाव निघालेल्या सगळ्या मुलांचा, केंद्रावर ती आली असोत वा नसोत, गणितातला परिणाम साडेचार महिन्यांत ०.३७ होता. नव्वद दिवस उपस्थित राहिलेल्या मुलासाठी त्यांनी मांडलेला अंदाज ०.६ च्या आसपास आहे. पहिला आकडा कार्यक्रम देऊ केल्याचा आहे, दुसरा तो प्रत्यक्ष घेतल्याचा. बालसखीच्या ०.२८ शेजारी ठेवायचाच तर पहिला ठेवावा. दुसरा ठेवला तर एका बाजूला नुसते नाव असलेली मुले आणि दुसऱ्या बाजूला हजर राहिलेली मुले अशी तुलना होते. तेव्हाही हे विसरू नये, की दिल्लीची मुले स्वतःहून अर्ज करून आली होती आणि बालसखीच्या आकड्यात त्या त्या इयत्तेतली सगळीच मुले होती.

आपल्याकडच्या प्रबंधांत याहून साधी आणि अधिक घातक सरमिसळ होते. ती समजण्यासाठी एक काल्पनिक वर्ग घेऊ. प्रायोगिक आणि नियंत्रित गटात प्रत्येकी शंभर मुले आहेत. दोघांचे पूर्वचाचणीचे मध्यमान ४० आहे. उत्तरचाचणीत प्रायोगिक गट ५२ वर आणि नियंत्रित गट ४८ वर गेला. प्रमाण विचलन सगळीकडे १६, आणि पूर्व-उत्तर चाचणीतला सहसंबंध ०.८.

उत्तरचाचणीतला दोन गटांचा फरक ४ आहे. तो १६ ने भागला की ०.२५ येतो. दुसरा संशोधक नियंत्रित गट घेतच नाही; तो प्रायोगिक गटाची १२ गुणांची वाढ १६ ने भागतो आणि त्याला ०.७५ मिळते. या बारांपैकी आठ गुण वर्षभरात कोणत्याही वर्गात वाढलेच असते, पण ते त्याच्या पद्धतीच्या खात्यावर जमा झाले. तिसरा तीच १२ गुणांची वाढ मुलांच्या वाढीच्या प्रमाण विचलनाने भागतो. सहसंबंध ०.८ असल्याने हे विचलन १६ नसून सुमारे १०.१ आहे, आणि उत्तर १.१९ येते. चौथा दोन गटांचाच फरक घेतो, पण तक्त्यात ‘±’ नंतर छापलेली प्रमाण त्रुटी तो प्रमाण विचलन समजतो. शंभर मुलांसाठी प्रमाण त्रुटी १६ भागिले १० म्हणजे १.६. त्याचे उत्तर ४ भागिले १.६, म्हणजे २.५.

एकच वर्ग, त्याच चाचण्या, आणि ०.२५, ०.७५, १.१९, २.५ असे चार आकडे. हे चार वेगवेगळ्या प्रबंधांतून एका आढाव्यात आले तर वाचक चौथ्याची पद्धत पहिल्यापेक्षा दहापट परिणामकारक मानेल. दुसरा आणि तिसरा आकडा चुकीचा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. चौथा मात्र निव्वळ चूक आहे, आणि ती अनुभवी संशोधकांच्याही हातून होते. गॉट्शे आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रमाणित फरकांवर आधारलेली २७ महाविश्लेषणे निवडून प्रत्येकातल्या दोन चाचण्यांचे आकडे मूळ लेखांवरून पुन्हा काढले. त्यांपैकी १० महाविश्लेषणांत निदान एका चाचणीचा आकडा ०.१ इतकी सवलत देऊनही जुळला नाही.

चौथ्यासारखी चूक पकडता येते, आणि त्यासाठी मूळ विदा लागत नाही. दोन स्वतंत्र गटांच्या अभ्यासात टी-मूल्य आणि गटांची संख्या दिलेली असेल, तर इफेक्ट साइझ असा परत काढता येतो :

```
d = t × √(1/n1 + 1/n2)
```

आपल्या वर्गाचे टी-मूल्य १.७७ येते. दोन्ही गटांत शंभर मुले असल्याने मुळातला आकडा ०.१४१, आणि गुणाकार ०.२५. लेखकाने २.५ लिहिले असेल तर दोन्हींत नेमका दहाचा फरक दिसतो, आणि दहा हे शंभराचे वर्गमूळ आहे. तफावत गटसंख्येच्या वर्गमूळाइतकी निघाली की प्रमाण त्रुटीने भागले गेले आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. टी-मूल्य नसेल तर चाचणीच्या गुणांवरून अंदाज घ्यावा. शंभर गुणांच्या चाचणीत वर्गाचे प्रमाण विचलन १.६ असणे म्हणजे बहुतेक सगळी मुले सहा-सात गुणांच्या पट्ट्यात असणे. प्रत्यक्ष वर्गात असे होत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. एक खबरदारी मात्र हवी. हे सूत्र स्वतंत्र गटांच्या टी-मूल्यासाठी आहे. एकाच गटाच्या पूर्व-उत्तर चाचणीचे टी-मूल्य त्यात घातले की पुन्हा भलताच आकडा हाती येतो, आणि प्रबंधात ‘टी’ एवढेच छापलेले असते, कोणते ते नाही. ते स्वातंत्र्यमात्रेवरून ओळखावे. शंभर-शंभर मुलांच्या दोन स्वतंत्र गटांना ती १९८ असते, शंभर मुलांच्या एका गटाच्या पूर्व-उत्तर तुलनेला ९९.

सहसंबंध गुणांक आणि समाश्रयणातला प्रमाणित बीटा यांबद्दल थोडक्यात. दोन्ही प्रमाणित असतात, म्हणून ते याच स्तंभात टाकायचा मोह होतो. सहसंबंधाचे रूपांतर विशिष्ट गृहीतकांवर करता येते. बीटा तसा आणू नये. त्याचे मूल्य त्या समीकरणात आणखी कोणती चले घेतली आहेत यावर बदलते, आणि दोन प्रबंधांतली चले क्वचितच सारखी असतात.

म्हणून या पुस्तकात आढाव्याचा तक्ता इफेक्ट साइझच्या स्तंभापासून सुरू होत नाही. आधी फरक कोणाकोणातला, हा स्तंभ येतो. मग कोणते विचलन भाजक म्हणून घेतले, चाचणी कोणी केली आणि कशावर, किती दिवसांनी, आणि कोणती मुले मोजली. त्यानंतर आकडा, आणि त्याच्या शेजारी तो मूळ लेखातल्या कोणत्या तक्त्यातून घेतला त्याचा क्रमांक. हा शेवटचा रकाना भरताना मूळ लेख उघडावाच लागतो. दुसऱ्याच्या आढाव्यातून उचललेला आकडा तिथे अडतो, आणि सारांशातून उचललेलाही अडतो, कारण सारांशात भाजक जवळपास कधीच लिहिलेला नसतो.

हे सगळे करूनही काही अभ्यास जुळवता येत नाहीत. फक्त प्रायोगिक गटाची वाढ आणि वाढीचे प्रमाण विचलन दिले आहे, पूर्व-उत्तर चाचणीतला सहसंबंध दिलेला नाही, अशी स्थिती वारंवार येते. त्या वेळी सहसंबंध ०.५, ०.८ आणि ०.९ धरून मुळातले प्रमाण विचलन तिन्ही प्रकारे काढावे. वाढीचे विचलन १०.१ असेल, तर ते अनुक्रमे १०.१, १६ आणि सुमारे २२.६ येते. मग १२ गुणांच्या वाढीचा आकडा १.१९ वर थांबतो, ०.७५ ला येतो किंवा ०.५३ पर्यंत उतरतो. हे तिन्ही लिहावेत आणि कोणत्या गृहीतकाने आले ते शेजारी नोंदवावे. नियंत्रित गट नसल्याची उणीव यातल्या एकाही आकड्याने भरून निघत नाही, म्हणून असे अभ्यास तक्त्याच्या वेगळ्या भागात ठेवावेत आणि त्यांची सरासरी दोन गटांच्या अभ्यासांबरोबर काढू नये.